खेकडे नसलेला बांध

नावेदला एका जागी बसवतच नव्हतं. मिठाचा चहा कपात अर्धा असतानाच तो उठायचा, ओल्या बुटात पाय खुपसायचा आणि हातात काठी घेऊन घळीकडे चालू लागायचा. घळीच्या तोंडापासून खजीरचाचांच्या केशराच्या शेतापर्यंत किती पावलं उरली, ते मोजायचं. काल बावीस होती, आजही बावीस आहेत ना, एवढंच बघायचं. असली की परत यायचं, आणि तासाभराने पुन्हा जायचं. दात दुखत असला की माणूस जीभ तिथेच लावत राहतो, तसं त्याचं चाललं होतं.

नावेद रोह्याचा. म्हणजे रोह्याच्या पश्चिमेला, खाडीच्या कडेला वसलेल्या एका गावचा. आठ वर्षं मस्कतला शेतीच्या पाइपलाइनीचं काम करून आला, आणि आता पेणच्या आदेशच्या छोट्याशा कंपनीत फोरमन म्हणून थेट काश्मीरला पोचला होता. बडगामच्या बाजूला, करेव्यावर. करेवा म्हणजे डोंगर नव्हे आणि खोरंही नव्हे. खोऱ्याच्या तळापासून वर उचललेलं सपाट पठार, वर बदामाच्या बागा आणि केशराची शेतं, कडेला मात्र ताशीव उभ्या भिंती. त्या भिंतींत पावसाने घळी पाडलेल्या. त्यातली एक घळ दर वर्षी मागे सरकत वरच्या शेतांकडे येत होती, आणि तिला आवरायचं काम यांच्याकडे होतं.

त्या घळीने खजीरचाचांचं खालचं शेत दोन वर्षांपूर्वीच गिळलं होतं. आता उरलं होतं ते एकच, पंधरा गुंठ्यांचं. त्यात केशराचे कंद जमिनीत होते, वर गवतासारखी पात हिरवीगार होती. कंद काढून दुसरीकडे लावावे म्हटलं तरी मार्चात ते काढता येत नाहीत. पात वाळून कंद झोपी जातात ते उन्हाळ्यात, तोवर हात लावायची सोय नाही. म्हणजे जून उजाडेपर्यंत ते पंधरा गुंठे जागेवर राहिले पाहिजेत, बस्स. एवढीच गोष्ट होती, आणि एवढ्याच गोष्टीने नावेदची झोप उडाली होती.

माती मात्र अशी, की बघून रोहेकराच्या तोंडाला पाणी सुटावं. पिवळसर, मऊ, पिठीसारखी. कुदळ मारत कमरेइतकं खोल जावं आणि एक खडा लागू नये. आदेशला पुस्तकी माहिती सांगायची भारी हौस. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की ही माती पाण्याने आणलेली नाही, वाऱ्याने आणलेली आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या थंडीत, हिमयुगात, नद्यांची आणि तळ्यांची पात्रं उघडी पडली, कोरडी झाली, आणि वारा त्यातली बारीक धूळ उचलून इथे टाकत राहिला. एकावर एक थर, कित्येक पुरुष उंच. लोएस म्हणतात हिला. नव्याने फुटलेल्या दगडाची ही पूड, त्यात चुना, त्यात झाडाला लागणारं सगळं. पाणी स्पंजासारखं धरते आणि नको तेवढं सोडूनही देते, मुळं बिनदिक्कत खाली जातात. म्हणून कमी पावसातही इथे बदाम होतो, केशर होतं.

"आमच्या जोह्याच्या शाडूसारखी दिसते रे," आदेश बोटांत माती चोळत म्हणाला होता. त्याचं आजोळ जोह्याचं, बालपण गणपतीच्या कारखान्यात गेलेलं. "पण हिचा गणपती नाय व्हायचा. चिकटच नाय."

हे वाक्य त्याने म्हटलं आणि विसरला. नावेदनेही ऐकलं आणि विसरला. शहाणी माणसं आपलंच बोलणं जितकं विसरतात तितकं वेडीही विसरत नाहीत.

खजीरचाचा मात्र बोलायचे कमी आणि दाखवायचे जास्त. पन्नाशी ओलांडलेला, लांब काश्मिरी झगा, फेरन, घालणारा, उंच, किडकिडीत माणूस. नावेदने मशीन आणून घळीची उभी भिंत तिरकी उतरती करायचा बेत सांगितला, तेव्हा ते त्याला रस्त्याच्या कापाकडे घेऊन गेले. तिथे दोन पुरुष उंचीची भिंत सरळ उभी होती. ती त्यांच्या वडिलांच्या काळात कापली होती. कोरडी असली की ही माती आपल्या अंगाने उभी राहते, कण एकमेकांत अडकलेले असतात, चुन्याने धरलेले असतात. तिरकी केली की पाऊस तिच्या पाठीवर बसतो आणि वर्षभरात बोटबोटभर चरे पडतात. नावेदला हे पटायला वेळ लागला. कोकणात उभी दरड म्हणजे उद्याची पडलेली दरड.

मग चाचांनी दुसरी गोष्ट दाखवली. मातीचं एक ढेकूळ उचललं, चांगलं टणक, मुठीत दाबलं तरी फुटेना. त्यांच्या बायकोने, बतूलचाचींनी, पाण्याचा ग्लास आणून दिला. ढेकूळ ग्लासात सोडलं. क्षणभर ते बसून राहिलं, मग त्याच्या कडेने बुडबुडे निघाले, आणि बघता बघता सगळं विरघळून तळाशी पिवळा गाळ झाला. मिनिटसुद्धा लागलं नाही. चाचांनी ग्लास ओतून दिला आणि उंबऱ्याशी उपडा ठेवला.

त्यांची एक रीत होती. बर्फ पडलं की शेताच्या कडेचं बर्फ वितळायची वाट बघायची नाही. फावड्याने उचलून कडेवरून खाली घळीत फेकून द्यायचं. केशराच्या वाफ्यांमधले चर रोज हाताने मोकळे करायचे. पाणी वाहून जाऊ दे, पण उभं राहायला नको. नावेदला हे बघून जीव तुटायचा. त्याच्या गावात थेंब थेंब पाणी अडवून भात काढतात, आणि इथे हा माणूस पाणी हाकलत बसला होता.

चाचा श्रीनगरला निघाले ते मंगळवारी. चाचींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तीन-चार दिवस मोडणार होते. जाताना त्यांनी फावडं नावेदच्या हातात दिलं आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला. कडेला पाणी उभं राहू देऊ नकोस बेटा, एवढंच म्हणाले. नावेदने छातीवर हात ठेवून शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं, पाळायला माती समजावी लागते.

खरं म्हणजे कामाची आखणी सरळ होती. वरच्या बागांतून येणारं पाणी घळीच्या तोंडाशी अडवून पाइपात घालायचं, आणि पाइपातून थेट घळीच्या तळाशी सोडायचं. तोंडावरून पाणी धबधब्यासारखं पडतं, पायथा पोखरतं, आणि वरची भिंत कोसळून घळ मागे सरकते. पाणी पडायचं थांबलं की घळही थांबते. पाइप येऊन पडले होते, जोडण्याही आल्या होत्या. पण पाणी गोळा करायची काँक्रीटची टाकी व्हायची होती, आणि थंडीत काँक्रीट धरत नव्हतं. आदेश त्यावरचं औषध आणायला जम्मूला गेलेला. अशात बुधवारी मोबाइलवर इशारा आला: शुक्रवारपासून दोन दिवस जोराचा पाऊस.

नावेद दिवसभर घळीच्या तोंडाशी येरझारा घालत राहिला. बर्फ वितळून पाण्याची धार आधीच तोंडावरून पडत होती. संध्याकाळी मोजलं तर एकवीस पावलं. दोन दिवसांच्या पावसात पाच जातील, दहा जातील, कोण जाणे. टाकी नाही तर नाही, पण पाणी तर अडवता येतंच ना? आणि पाणी अडवणं हे तर त्याच्या रक्तात होतं.

त्याचं गाव खारजमिनीचं. खाडीच्या आणि भातशेतीच्या मध्ये मैलभर लांबीचा मातीचा बांध, तेवढ्याच्याच जिवावर गाव उभं. भरतीचं पाणी बांध फोडून आत आलं की त्या भगदाडाला खांड म्हणायचं. खांड गेली अशी हाक उठली की ताटावरचा माणूस ताट सोडून धावणार, मग तो मोहल्ल्यातला असो की आगरातला. बांधाची राखण पाळीपाळीने. आणि एक जुना नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं: ज्याच्या पाळीत खांड जाईल, त्याने पुढचं पीक घरात येईपर्यंत त्या जागेची राखण एकट्याने करायची. नावेदच्या बापाने, मुसाने, चाळीस वर्षं बांध सांभाळला आणि एकदाही त्याच्या पाळीत खांड गेली नाही. हे तो न विचारणाऱ्यांनाही ऐकवायचा.

नावेदने त्याच रात्री बापाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. माती कशी, उतार किती, पाणी किती. म्हातारा खूश झाला. पोरगा आठ वर्षं वाळवंटात पाइप जोडत राहिला, शेवटी बांधावर आला. रुंदी किती धरायची, थर कसे चोपायचे, गवताची चटई कुठे घालायची, सगळं त्याने तोंडपाठ सांगितलं. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला.

"बिळं बघितलीस काय?"

खाडीच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात. बाहेरून बांध धडधाकट दिसतो आणि आतून चाळणी झालेला असतो. म्हणून राखणदार आधी बिळं बघतो, मग भाकरी खातो.

"हितं कुठले खेकडे, बाबा?" नावेद हसून म्हणाला. "समुद्र हजार मैल लांब हाय."

म्हाताराही हसला. मग सुमय्या फोनवर आली. नावेदच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यातले एकूण दिवस मोजले तर दीड वर्षही भरत नव्हतं. दहा एप्रिलचं त्याचं परतीचं तिकीट निघालं होतं. तिने फक्त तारीख पुन्हा विचारून घेतली. गेल्या खेपेला ती स्पष्ट बोलली होती, की पुढच्या वेळेस मी हितं बसून वाट बघायची नाय. नावेदने दहाच, नक्की दहाच, असं सांगितलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी पहाटेपासून काम सुरू झालं. मशीन चालवायला कोलाडचा शिवा होता, चाळिशीचा, हाताचा सफाईदार. दोघांनी गावातले चार गडी घेतले. शेताच्या आणि घळीच्या तोंडाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यावर, घळीच्या बाजूला, नावेदने बांध घातला. घातला म्हणजे काय, देखणा घातला. कमरेएवढा उंच, वीतवीत थर चोपून चोपून, बाहेरून गवताची ढेपळं लावून. शेताच्या बाजूला पाणी शिरू नये म्हणून एक बुटका वरंबाही ओढला. मधे जे तळं होईल त्यात पाणी साठेल, तोंडावरून पडणार नाही, आणि पाऊस ओसरला की पाइपाने सावकाश खाली सोडून देऊ. बांधाचा इंचन् इंच त्याने हात लावून तपासला. तळ्याच्या जमिनीकडे मात्र त्याने पाहिलं नाही. जमीन तर जमीन, तिच्यात काय बघायचं?

शुक्रवारी पाऊस आला तो दणकाच. दुपारपर्यंत तळं गुडघाभर भरलं. आणि घळीच्या तोंडावरून एक थेंब पडत नव्हता. नावेद छत्री विसरून बांधावर उभा होता, भिजत होता आणि हसत होता. त्याने फोटो काढून घरी पाठवला. बापाचं उत्तर आलं, शाबास. गावच्या ग्रुपवर फोटो फिरला, कुणीतरी लिहिलं, काश्मीरला आपली खारबंदिस्ती. त्या रात्री नावेद बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला, आणि हेच वाईट झालं.

शनिवारी सकाळी तो बांधावर गेला तेव्हा पाऊस चालूच होता, पण तळ्याचं पाणी वाढलेलं नव्हतं. रात्रभर पाऊस पडतोय, वरून ओहळ येतोय, आणि पाणी कालच्याच खुणेवर. त्याला वाटलं, जमीन पिते आहे, पिऊ दे. तो बांधावरून चालत गेला, परत आला. कुठे पाझर नाही, ओल नाही. बांध टणक. तरी पाय थांबेनात. आणि मग त्याला तळ्यात, शेताच्या वरंब्याजवळ, पाण्यावर एक वाळलेलं बदामाचं पान दिसलं. ते गोल फिरत होतं. एकाच जागी, सावकाश, आणि मग थोडं भराभर.

पाणी खाली कुठेतरी ओढलं जात होतं. त्याने शिवाला हाक मारली आणि स्वतः घळीच्या कडेने धावत खाली बघता येईल अशा जागी गेला. उभ्या भिंतीत, वरून तीन पुरुष खाली, माणसाच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं, आणि त्यातून पिवळंधमक पाणी उसळत होतं. पाणी नव्हतं ते, शेताचं पोट होतं.

आता त्याला सगळं आठवलं, आणि एकदम आठवलं. चाचा पहिल्या आठवड्यात सांगत होते की साळिंदरं येतात, केशराचे कंद उकरून खातात, बिळं करून राहतात. कुठे राहतात, तर ह्याच पट्ट्यावर. साळिंदराचं बीळ खेकड्याच्या बिळाच्या शंभरपट मोठं. उभ्या पाण्याने ते शोधून काढलं होतं, आतली माती ग्लासातल्या ढेकळासारखी विरघळवली होती, आणि आता जमिनीच्या पोटात नळ तयार झाला होता. दर क्षणाला तो रुंद होत होता. बांध सुरेख उभा होता. खालची जमीन पळून चालली होती.

पाणी काढायला हवं होतं, आत्ता, आणि त्या बिळातून नव्हे. त्यासाठी बांध फोडावा लागणार होता. नावेद कुदळ घेऊन बांधावर उभा राहिला आणि त्याचा हात उठेना. त्याच्या गावात बांधावर कुदळ मारणाऱ्याचं नाव माणसं कबरीपर्यंत विसरत नाहीत. शिवा खालून ओरडून विचारत होता, काय करू, मशीन आणू काय? मशीनचं वजन आता इथे चालणार नव्हतं, जमीन पोकळ होती. नावेदने डोळे मिटून पहिला घाव घातला.

त्यानंतर विचार करायला वेळ नव्हता, आणि ते बरं झालं. बीळ होतं त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला त्याने बांधात खाच पाडली. खाचेत आणि तिच्यापुढे ताडपत्री अंथरली, म्हणजे पाण्याचा मातीला स्पर्श होणार नाही. मग पाइप. हे काम मात्र त्याच्या हाताचं होतं. शिवा आणि गडी पाइप ओढून देत होते, तो जोडण्या आवळत होता, बोटं बधिर झाली तरी आवळत होता. सहा लांब्या जोडून पाइप कडेवरून घळीत सोडला, तळाला मोठ्या दगडांवर त्याचं तोंड टेकवलं. वरच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या रचल्या. पाणी पाइपात शिरलं तेव्हा अख्खा पाइप जनावरासारखा हलला, आणि खाली दगडांवर पाणी स्वच्छ आवाज करत पडू लागलं. दुसरा पाइप जोडला. तळं उतरू लागलं.

तळ दिसायच्या बेतात असताना बिळाभोवतीची जमीन बसली. आवाज फारसा झाला नाही. कणीक खाली टाकल्यासारखा एक मऊ धप्प झाला, आणि वरंब्यासकट शेताचा कोपरा खाली गेला. नावेद तिथून दहा पावलांवर होता. हिरव्या पातींच्या रांगा तशाच उभ्या, जमीन मात्र दोन पुरुष खाली. मग तीही फुटली आणि घळीच्या बाजूला सरकली. चार गुंठे गेले. बाकीचे अकरा उभे राहिले, तेही नावेदला डोळ्यांनी बघूनसुद्धा खरं वाटत नव्हतं.

तळं रिकामं झाल्यावर शिवाने त्याला ओढत त्यांच्या राहायच्या खोपटात आणलं. त्याच सुमारास आदेशचा जम्मूहून फोन आला. आदेशने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने हिशेब मांडला, आणि तो काही दुष्ट माणूस नव्हता, घाबरलेला माणूस होता. बांध आखणीत नव्हता. कुणाला विचारून घातला नव्हता. चाचा गावात नव्हते. दुपारपर्यंत मशीनने बांधाची माती पसरून टाकली तर मागमूस राहणार नाही.

"बर्फाने गेलं म्हण," आदेश म्हणाला. "दर साली जातंच हाय थोडं थोडं. अकरा गुंठं तूच वाचवलंस ना? ते बी खोटं नाय."

नावेदने फोन ठेवला. शिवा मशीनची किल्ली हातात खेळवत दाराशी उभा होता, बघत होता. नावेद सांगेल ते तो करणार होता. नावेद उठला, येरझारा घातल्या, बसला, पुन्हा उठला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, स्वतःच्या त्या हसण्याचा. हितं कुठले खेकडे. बांधाची माती त्याने पसरू दिली नाही.

चाचा दुपारी चारला आले. पाऊस थांबला होता. चाचींच्या डोळ्यावर पट्टी होती, त्यांना घरात बसवून ते तसेच शेताकडे चालत आले. नावेद फुटलेल्या बांधावर उभा होता. चाचांनी आधी शेत पाहिलं. मग खड्डा पाहिला. मग पाइप, ताडपत्री, आणि शेवटी बांध. नावेदने त्यांना अंदाज करायला वाव दिला नाही. मोडक्यातोडक्या उर्दूत त्याने सगळं सांगितलं. बांध मी घातला. पाणी मी उभं केलं. तुम्ही सांगून गेला होता तेच मी केलं नाही, आणि बीळ बघितलं नाही. बर्फाचा काही दोष नाही.

चाचा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. त्यांनी कडेची चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, खाली टाकली.

"मी तुला फावडं देऊन गेलो होतो," ते म्हणाले.

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर नावेदला सोपं गेलं असतं. त्या संध्याकाळी चाचांच्या घरून चहा आला नाही. नावेद खोपटाच्या दारात अंधार पडेपर्यंत बसून राहिला, आणि पहिल्यांदाच घळ मोजायला उठला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. चाचा कुदळ घेऊन आले ते सरळ घळीत उतरले. नावेद विचारल्याशिवाय मागोमाग गेला. खाली पडलेल्या ढिगाऱ्यात पातींचे झुबके तसेच होते, मुळाशी मूठभर माती धरून. चाचा मातीसकट कंद उचलून टोपलीत ठेवत होते. वर नेऊन वाचलेल्या अकरा गुंठ्यांत, चरांच्या कडेने दाटीवाटीने लावणार होते. अवेळी हलवलेले कंद सगळे जगत नाहीत, पण ह्या मातीत अर्धे तरी जगतात, असं ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले. पडली तरी माती तीच होती, वाऱ्याने आणलेली, पिठीसारखी. तिचा गुण तिला सोडून गेला नव्हता. नावेदही गुडघ्यावर बसून उचलू लागला. दोन तासांत दोन टोपल्या वर गेल्या.

तिसरी टोपली वर नेताना नावेदने गावचा नियम सांगितला. ज्याच्या पाळीत खांड जाईल, त्याने पुढचं पीक घरात येईपर्यंत राखायचं. टाकी, पाइप, सगळं काम आदेश महिन्याभरात उरकून जाईल. पण बिळं शोधायची, बुजवायची, चर मोकळे ठेवायचे, हे रोजचं काम आहे. ते मी करतो.

चाचांनी टोपली खाली ठेवली. केशर फुलतं ते ऑक्टोबरात, हे तुला माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. नावेदने मान हलवली. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातली टोपली घेतली, आणि चराच्या कडेला ठेवलेलं फावडं त्याच्या हातात दिलं. तेच फावडं.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. बापाने उचलला. ग्रुपवरच्या कौतुकाने म्हातारा अजून तरंगत होता, आणखी फोटो मागत होता. नावेदने त्याला मधेच थांबवलं.

"बाबा, बांध मीच फोडला. खाली साळिंदराचं बीळ होतं."

पलीकडे खाडीवरचा वारा ऐकू येत होता. मुसाने चाळीस वर्षांत न ऐकलेलं वाक्य पोटच्या पोराकडून ऐकलं होतं.

"किती गेलं?" शेवटी त्याने विचारलं.

"चार गुंठं."

"तुझ्या पाळीत."

"व्हय. माझ्या पाळीत."

म्हाताऱ्याने नियम सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती. फोनचा आवाज मोठा होता, तो नेहमीच मोठा ठेवायचा, आणि शेजारी बसलेल्या सुमय्याने सगळं ऐकलं होतं. तिच्या माहेरीही बांध होता, आणि हाच नियम होता. पीक कधी येतं, असं तिने सासऱ्याला विचारलेलं नावेदला ऐकू आलं. केशर हाय, मला काय ठावं, असं म्हातारा पुटपुटला, आणि फोन तिच्या हातात गेला. दहा तारखेचं कसं सांगावं ते नावेदने दिवसभर जुळवून ठेवलं होतं, आणि आता त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

"सुमय्या, ते तिकीट," तो म्हणाला, "ते ऑक्टोबरपर्यंत..."

"ते रद्द करू नको," सुमय्या म्हणाली. "माणूस बदल, दिशा बदल. दहाला मी निघते. तिथं थंडी किती असते ते सांग, आणि फावडं दोन हायत काय ते बघ."